एकच लहान पी-मूल्य : बहुविध तुलनांच्या प्रश्नाचा आढावा

संशोधनाचे निष्कर्ष वाचकाच्या हाती पुष्कळदा संपूर्ण लेखाच्या रूपाने येत नाहीत, तर परिषदेतील भित्तिपत्रकाच्या, प्रबंधातील एखाद्या पानाच्या किंवा पडद्यावरील तक्त्याच्या छायाचित्राच्या रूपाने येतात. अशा छायाचित्रात पंधरा-वीस ओळी असतात, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक पी-मूल्य छापलेले असते, आणि त्यांतील एकाच आकड्यापुढे तारा किंवा ठळक ठसा असतो. छायाचित्र घेणाऱ्याचे आणि पाहणाऱ्याचे लक्ष त्या एका ओळीवर जाते, उरलेल्या ओळी पार्श्वभूमी होऊन बसतात, आणि तीच ओळ पुढे ‘अभ्यासाचा निष्कर्ष’ म्हणून सांगितली जाते. त्या ओळीवर किती विश्वास ठेवावा, हा संख्याशास्त्रातील बहुविध तुलनांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या ओळीत सापडत नाही. ते उरलेल्या ओळींत आणि छायाचित्राच्या चौकटीबाहेर शोधावे लागते.

पी-मूल्य ही संभाव्यता आहे, पण ती एका ठराविक प्रश्नाची संभाव्यता आहे. दोन गटांत मुळात काहीच फरक नाही, असे गृहीत धरले (या गृहीतकाला शून्य-परिकल्पना म्हणतात), तर प्रत्यक्ष दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच ते सांगते. निष्कर्ष खोटा असण्याची शक्यता ते सांगत नाही. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकापासून रूढ झालेली ०.०५ ही सार्थकतेची पातळी म्हणजे फरक नसताना शंभरातून पाच वेळा फसण्याची तयारी होय. या व्याख्येत एक अट गृहीत आहे, आणि तिचा उच्चार क्वचितच होतो: ज्या फरकाची चाचणी करायची तो आकडे पाहण्यापूर्वी ठरलेला असला पाहिजे. वीस फरक मोजून त्यांतील सर्वांत मोठा नंतर उचलला, तर त्याच्यापुढे छापलेले पी-मूल्य एका आधी ठरवलेल्या फरकासाठी काढलेले असते आणि लावले मात्र वीसांतून निवडलेल्या फरकाला जाते.

ही अडचण फिशर यांच्याही आधीची आहे. फ्रेंच गणिती कूर्नो यांनी १८४३ च्या आपल्या संभाव्यताशास्त्रावरील ग्रंथात मुलगे आणि मुली यांच्या जन्मप्रमाणाचे उदाहरण घेऊन ती मांडली होती. जन्मांची विभागणी आईबापांच्या वयाप्रमाणे, व्यवसायाप्रमाणे, अपत्याच्या क्रमाप्रमाणे अशी कितीही प्रकारांनी करता येते, आणि विभागण्या करत राहिले की कधी ना कधी एखादी लक्षणीय दिसणारी तफावत हाती लागतेच. फसलेल्या विभागण्या मात्र वाचकासमोर येत नाहीत, आणि त्या किती होत्या हे ठाऊक नसताना हाती आलेल्या एका तफावतीचे वजन ठरवणे वाचकाला शक्य होत नाही. छायाचित्रातील तक्त्यापुढे वाचक आज ज्या अडचणीत असतो तिचे इतके नेमके वर्णन पावणेदोनशे वर्षांपूर्वी झालेले आहे.

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक तक्ता घेऊन तो शेवटपर्यंत तपासणे उपयोगी ठरेल. समजा, १२० प्रौढांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, साठ-साठच्या दोन गटांत विभागणी केली. एका गटाने बारा आठवडे रोज ठराविक वेळ चालण्याचा व्यायाम केला आणि दुसऱ्याने नेहमीचा दिनक्रम चालू ठेवला. अखेरीस रक्तदाब, वजन, कंबरेचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, यकृताची विकरे, जीवनसत्त्वे अशा वीस गोष्टी मोजल्या. तक्त्यात सिस्टॉलिक रक्तदाबापुढे ०.३८ आहे, वजनापुढे ०.१८ आहे, आणि तारा आहे तो ब-१२ जीवनसत्त्वापुढे: चालणाऱ्या गटाची सरासरी ४१२, दुसऱ्या गटाची ३५८, पी-मूल्य ०.०२१.

पहिले काम आकडा नीट वाचण्याचे. तिरक्या किंवा अंधूक छायाचित्रात ०.०२१ आणि ०.०२७ यांत, किंवा ०.०३ आणि ०.०८ यांत गल्लत होणे अगदी सोपे आहे. पण ओळीत सरासरी, प्रमाण विचलन (म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचे माप) आणि गटातील संख्या दिलेली असेल, तर पी-मूल्य पुन्हा काढून पाहता येते. वरील ओळीत प्रमाण विचलने १३० आणि १२२ आहेत असे धरले, तर प्रत्येकाचा वर्ग करून ६० ने भागायचे, दोन्ही भागाकारांची बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. उत्तर सुमारे २३ येते. ही फरकाची प्रमाण त्रुटी होय. ५४ या फरकाला २३ ने भागले की २.३५ हा टी-गुणोत्तराचा आकडा मिळतो, आणि ११८ मुक्तिमात्रांसाठी त्याचे पी-मूल्य ०.०२१ च्या जवळ येते. म्हणजे छापलेला आकडा बरोबर वाचला गेला आहे आणि गणितही चुकलेले नाही. हे नमूद करण्याचे कारण असे की बहुविध तुलनांची चूक ही आकडेमोडीची चूक नसते. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासली तर निर्दोष आढळते. दोष ओळ निवडण्याच्या रीतीत असतो आणि म्हणूनच तो तपासणीतून निसटतो.

आता वीस ओळी एकत्र घ्याव्यात. चालण्याचा यांपैकी एकाही गोष्टीवर काडीचाही परिणाम होत नाही, असे मानले, तर एका ओळीत ०.०५ पेक्षा लहान पी-मूल्य न येण्याची शक्यता ०.९५, वीस ओळी परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर एकाही ओळीत ते न येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. निदान एक तारा मिळण्याची शक्यता त्यामुळे ६४ टक्के होते आणि नेमका एकच तारा मिळण्याची ३८ टक्के. संपूर्णपणे निष्प्रभ उपचाराच्या वीस ओळींच्या तक्त्यात किती तारे अपेक्षावेत, या प्रश्नाचे सर्वांत संभाव्य उत्तरच ‘एक’ असे आहे. ‘बाकी काही निघाले नाही, पण एक निष्कर्ष तरी निघाला’ असे जे समाधान अशा तक्त्यातून घेतले जाते, ते या एका आकड्यापुढे टिकत नाही.

याहून नेमकी तुलनाही करता येते. शून्य-परिकल्पना खरी असते तेव्हा पी-मूल्य शून्य ते एक या पट्ट्यावर कोठेही सारख्याच शक्यतेने पडते, हा त्याचा मूलभूत गुणधर्म आहे. अशा वीस आकड्यांतील सर्वांत लहान आकडा सरासरीने एकविसावा भाग, म्हणजे ०.०४८ असतो आणि निम्म्या वेळा तो ०.०३४ पेक्षाही लहान असतो, ०.०२१ किंवा त्याहून लहान येण्याची शक्यता ३५ टक्के भरते. ब-१२ च्या ओळीला तिच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्यांत, म्हणजे ‘वीसांतील सर्वांत लहान’ या पंगतीत बसवले, की तिच्यात विशेष काही उरत नाही. त्याच तक्त्यातील सगळी पी-मूल्ये चढत्या क्रमाने मांडली, तर ०.०२१, ०.०९, ०.१३, ०.१८, ०.२४, ०.३१ अशी ती चढत जातात आणि शेवटचे ०.९७ असते, एकविसाव्या भागाच्या समान पायऱ्या ०.०४८, ०.०९५, ०.१४३, ०.१९०, ०.२३८, ०.२८६ अशा असतात. दोन्ही माळा शेजारी ठेवल्या की त्या जवळजवळ एकमेकींवर बसतात. श्वेडर आणि स्प्यॉट्वोल या नॉर्वेजियन संख्याशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये याच तत्त्वावर पी-मूल्यांचा आलेख सुचवला होता. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत करता येणारी ही तपासणी फार थोडे लोक करतात, याची खंत वाटावी इतकी ती बोलकी आहे. कारण तक्त्यात खरे परिणाम असतील, तर लहान पी-मूल्यांची गर्दी या पायऱ्यांच्या खाली स्पष्ट दिसते.

या प्रश्नावरील उपायांचा इतिहास मोठा आहे, पण प्रस्तुत तक्त्यापुरता तो थोडक्यात सांगता येतो. बोन्फेरोनी या इटालियन गणितज्ञांनी १९३६ मध्ये मांडलेल्या असमानतेवर आधारलेली आणि ऑलिव्ह जीन डन यांनी १९६१ मध्ये तुलनांसाठी व्यवस्थित मांडलेली रीत सर्वांत सरळ आहे: जितक्या चाचण्या केल्या तितक्यांनी ०.०५ ला भागावे आणि येणाऱ्या आकड्यापेक्षा पी-मूल्य लहान असेल, तरच ती ओळ सार्थक मानावी. वीस चाचण्यांसाठी हा उंबरठा ०.००२५ होतो. असे केल्याने संपूर्ण तक्त्यात एक जरी खोटा तारा उमटण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत राहते, मग ओळी परस्परांशी कशाही निगडित असोत. स्टुरे होल्म यांनी १९७९ मध्ये हीच हमी राखून ती कमी कठोर केली: सर्वांत लहान पी-मूल्य वीसाव्या हिश्श्याशी ताडावे, ते उत्तीर्ण झाले तर पुढचे एकोणिसाव्याशी, आणि जो पहिला नापास होईल तेथे थांबावे. बेन्यामिनी आणि हॉखबर्ग यांनी १९९५ मध्ये हमीच बदलली. एकही खोटा तारा नको, असा आग्रह सोडून तारांकित ओळींपैकी खोट्यांचे सरासरी प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असे त्यांनी सुचवले आणि त्यासाठी क्रमाने पहिल्या पी-मूल्याला ०.००२५, दुसऱ्याला ०.००५, तिसऱ्याला ०.००७५ असे चढते उंबरठे दिले. ज्याच्या वाट्याचा उंबरठा ओलांडला जात नाही, असा सर्वांत वरच्या क्रमांकाचा आकडा शोधायचा आणि तो व त्याखालचे सगळे सार्थक मानायचे, अशी ही रीत आहे.

या तीन रीतींत निवड कोणती करावी, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. तरीही एकच लहान पी-मूल्य असलेल्या तक्त्यापुरता तो वाद निरर्थक ठरतो, कारण पहिल्या आणि एकट्या आकड्यासाठी तिन्ही रीतींचा उंबरठा एकच आहे: ०.००२५. फरक पडतो तो लहान आकडे अनेक असतात तेव्हा. समजा, तक्त्यात ०.००१, ०.००४, ०.००६ आणि ०.००९ असे चार लहान आकडे असते, तर बोन्फेरोनी आणि होल्म यांच्या रीतीने पहिलाच टिकला असता आणि बेन्यामिनी-हॉखबर्ग रीतीने चारही टिकले असते, कारण तेथे आकडे एकमेकांना आधार देतात. ब-१२ च्या ओळीला असा आधार देणारे शेजारीच नाहीत. सौम्यातल्या सौम्य रीतीनेही तिचे सुधारित मूल्य ०.०२१ गुणिले वीस, म्हणजे ०.४२ येते.

छायाचित्रात एकूण चाचण्या किती झाल्या हे पुष्कळदा दिसतच नाही. तक्ता खालून कापलेला असतो किंवा तो ‘तक्ता क्रमांक ७’ असतो आणि आधीचे सहा पाहायला मिळत नाहीत. अशा वेळी गणित उलट बाजूने करावे. ०.०५ ला त्या पी-मूल्याने भागले की ती ओळ किती चाचण्यांचे ओझे पेलू शकते, ते कळते. ०.०२१ साठी उत्तर २.४ येते, म्हणजे संशोधकांनी तीन गोष्टी जरी मोजल्या असतील, तरी हा तारा गळून पडतो. ०.०००१ असते तर उत्तर ५०० आले असते आणि वीस काय, शंभर ओळी असल्या तरी ती ओळ उभी राहिली असती. एकटे लहान पी-मूल्य नेहमीच खोटे असते, असा समज यातून होऊ नये. मानवी जनुकसंचाच्या सर्वेक्षणांत स्थूलमानाने दहा लाख स्वतंत्र चाचण्या धरून सार्थकतेचा उंबरठा दहा कोटींत पाच या पातळीवर, म्हणजे ०.०००००००५ वर नेला गेला, आणि तो ओलांडणारे निष्कर्ष पुढील अभ्यासांत मोठ्या प्रमाणावर पुन्हा मिळाले. ओझे मोठे असले तरी पेलणारा आकडा असू शकतो.

ओळी परस्परांपासून स्वतंत्र असतात, हे वरील ६४ टक्क्यांमागचे गृहीतक प्रत्यक्षात क्वचितच खरे असते. वजन, कंबरेचा घेर आणि शरीर-वस्तुमान निर्देशांक या तीन ओळी म्हणजे बव्हंशी एकच गोष्ट तीनदा मोजणे होय. अशा निगडित ओळींमुळे निदान एक खोटा तारा उमटण्याची शक्यता कमी होते, पण उमटलाच तर तो एकटा न येता दोन-तीन सोबत्यांसह येतो, आणि सोबत्यांमुळे तो अधिक खरा भासतो. निगडित ओळींसाठी अचूक हिशोब करण्याची रीत आहे: मूळ आकड्यांतील ‘चालणारा’ आणि ‘न चालणारा’ ही लेबले हजारो वेळा पिसून प्रत्येक वेळी तक्त्यातील सर्वांत लहान पी-मूल्य टिपायचे आणि खरे मूल्य त्या यादीत कोठे बसते ते पाहायचे. तिला मूळ आकडे लागतात आणि छायाचित्रातून ते मिळत नाहीत. छायाचित्रावरून काढता येतो तो फक्त बोन्फेरोनी-होल्म पद्धतीचा अंदाज, जो निगडित ओळींच्या बाबतीत थोडा जास्त कडक असतो. ब-१२ सारख्या ओळीचा निकाल मात्र एवढ्याने बदलत नाही.

दुरुस्तीची गरजच नाही, असे म्हणणारा एक पक्षही आहे आणि त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. साथरोगशास्त्रज्ञ केनेथ रॉथमन यांनी १९९० मध्ये आणि टॉमस पेर्नेगर यांनी १९९८ मध्ये हा पक्ष मांडला. शेजारच्या ओळीत दुसरे काही मोजले म्हणून या ओळीतील पुरावा कसा काय दुबळा होतो, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि ‘कुटुंब’, म्हणजे एकत्र मोजायच्या चाचण्यांचा संच, नेमका कोठे संपतो? एका तक्त्यातील वीस ओळी, प्रबंधातील दोनशे, की संशोधकाच्या आयुष्यभरातील सगळ्या? शिवाय कडक उंबरठ्यामुळे खरे परिणामही निसटतात. या आक्षेपांचे उत्तर कुटुंबाच्या व्याख्येत शोधण्यापेक्षा निवडीच्या क्षणात शोधणे अधिक फलदायी आहे. ब-१२ ची ओळ अभ्यास सुरू होण्यापूर्वीच मुख्य प्रश्न म्हणून लिहून ठेवलेली असेल, तर शेजारी एकोणीस ओळी असोत वा एकोणीसशे, तिचे ०.०२१ हे ०.०२१ च राहते आणि रॉथमन यांचे म्हणणे तेथे पूर्ण लागू पडते. ती वीस निकाल पाहिल्यानंतर पुढे आणली असेल, तर ज्या ओळींतून ती निवडली गेली त्या सर्व तिच्या कुटुंबात येतात. तक्त्यातील शाई दोन्ही प्रसंगी सारखीच असते. फरक असतो तो तारखेचा.

म्हणून छायाचित्र हाती आल्यावर शोधायची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अभ्यासाचा पूर्वलिखित आराखडा. भारतात क्लिनिकल चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून तीत नोंदणी सक्तीची झाली. नोंदीत मुख्य निष्पत्ती, म्हणजे ज्या एका मापावर अभ्यासाचा निकाल लावायचा ते माप, आणि दुय्यम निष्पत्ती वेगवेगळ्या नमूद असतात व नंतर केलेले बदल तारखेसह दिसतात. वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंधांच्या बाबतीत आरंभी सादर केलेला सिनॉप्सिस हेच काम करतो. या आगाऊ नोंदणीने काय फरक पडतो, याचा एक ठळक पुरावा अमेरिकेतील हृदय, फुप्फुस आणि रक्तविकारांच्या राष्ट्रीय संस्थेने पैसा पुरवलेल्या मोठ्या चाचण्यांतून मिळाला. कॅप्लन आणि अर्व्हिन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशोबानुसार २००० सालापूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये मुख्य निष्पत्तीवर उपचाराचा लाभ दिसला होता. मुख्य निष्पत्ती आधी जाहीर करण्याची रीत आल्यानंतरच्या २५ पैकी केवळ २ मध्ये तो दिसला. या घसरणीला इतरही कारणे असू शकतील, तरी आकडे पाहून निष्पत्ती निवडण्याची मोकळीक गेली, हे त्यांतील एक कारण लेखकांनी स्वतः पुढे केले आहे. नोंद असूनही लेखात निष्पत्ती बदलली जाते, हेही खरे आहे: ऑक्सफर्डमधील एका गटाने पाच नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतील ६७ चाचण्या नोंदीशी ताडून पाहिल्या तेव्हा फक्त ९ मध्ये सगळे तंतोतंत जुळले.

छायाचित्राबाहेर राहिलेल्या चाचण्या नेहमीच वेगळ्या तक्त्यात असतात असेही नाही. कित्येकदा त्या कोणत्याच तक्त्यात नसतात. ब-१२ ची अखेरची पातळी ताडायची की सुरुवातीपासूनचा बदल, सर्वांची की फक्त स्त्रियांची, एखादा फार मोठा आकडा ठेवायचा की गाळायचा, अशा प्रत्येक वळणावर वाट फुटते. संशोधकाने प्रामाणिकपणे एकच वाट चालली असली तरी आकडे वेगळे असते तर तो दुसरी वाट चालला असता, एवढ्यानेही पी-मूल्याचा अर्थ बिघडतो, हे गेलमन आणि लोकेन यांनी दाखवून दिले आहे. एका प्रकारच्या तक्त्यात मात्र तारा दिसताच थांबावे: यादृच्छिक विभागणीनंतर, उपचार सुरू होण्यापूर्वीच्या वय, वजन, रक्तदाब यांच्या तक्त्यात. तेथील प्रत्येक फरक व्याख्येनेच योगायोगाचा असतो, त्यामुळे तेथील पी-मूल्ये कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, आणि अशा चाचण्या करू नयेत असे क्लिनिकल चाचण्यांच्या अहवाल-लेखनाची प्रमाणभूत मार्गदर्शिकाही सांगते.

प्रत्यक्ष इतिहासातील दोन अभ्यास या चर्चेत वारंवार येतात, आणि दोन्ही राशींशी संबंधित आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन देण्याच्या, १७,१८७ रुग्णांच्या दुसऱ्या आयसिस चाचणीचा निकाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲस्पिरिनमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले होते. उपगटांनुसार निकाल फोडण्याची मागणी झाली, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम राशींचा उपगटही त्यात घातला, आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा लाभ न होता किंचित अपायच झाल्याचे आकडे निघाले. येथे बहुविधतेची दुसरी बाजू दिसते: तुकडे पुरेसे केले की खरा परिणामही एखाद्या कोपऱ्यात नाहीसा होतो, आणि तो कोपरा पाहून औषध नाकारले तर माणसे दगावतात. दुसरा अभ्यास कॅनडातील ओंटारियो प्रांताचा. पीटर ऑस्टिन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक कोटीहून अधिक रहिवाशांच्या रुग्णालयीन नोंदी दोन भागांत वाटल्या आणि पहिल्या भागात प्रत्येक राशीला अधिक होणारे दोन-दोन आजार शोधून काढले. अशा २४ संबंधांची दुसऱ्या भागावर परीक्षा घेतली तेव्हा दोन टिकले: सिंह राशीच्या लोकांत पचनमार्गातील रक्तस्राव आणि धनु राशीच्या लोकांत दंडाच्या हाडाचा मोड. ‘पुन्हा तपासून खरे ठरले’ असे वाटण्याजोगा हा निकाल आहे. पण २४ चाचण्यांत ०.०५ च्या पातळीवर एकाहून थोडे अधिक खोटे यश अपेक्षितच असते, आणि संख्येची दुरुस्ती केल्यावर तेही दोन गळाले. पडताळणीतही ओळी मोजाव्याच लागतात.

भारतीय वाचकाला हा प्रश्न सर्वाधिक भेटतो तो कदाचित कृषी-संशोधनाच्या तक्त्यांत. कृषी विद्यापीठांच्या अहवालांत तक्त्याच्या तळाशी ‘सी. डी. ५ टक्के’ असा एक आकडा असतो. दोन वाणांच्या उत्पन्नातील फरक या निर्णायक फरकापेक्षा मोठा असला की तो सार्थक, असे वाचले जाते. हा फिशर यांचा न्यूनतम सार्थक फरक होय. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ मधील ग्रंथाने शेतीप्रयोगांचे विश्लेषण ज्या पिढ्यांना शिकवले, त्यांच्या अंगवळणी हा आकडा पडलेला आहे. तो आधी ठरवलेल्या एका जोडीसाठी बरोबर आहे. दहा वाणांच्या ४५ जोड्या होतात, आणि वाण सगळे सारखेच असले तरी त्यांतील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा यांची जोडी निवडून हाच आकडा लावला, तर फसण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास जाते. एकूण फरकाची एफ-चाचणी सार्थक असेल तरच निर्णायक फरक वापरावा, ही अट त्यासाठीच आहे. छायाचित्रात मात्र तळाचा सी. डी. येतो आणि एफ-चाचणीचा निकाल पुष्कळदा येत नाही.

पुन्हा ब-१२ च्या ओळीकडे वळावे. तिचे काय करायचे, हा प्रश्न तारा पुसून संपत नाही. ५४ च्या फरकाचा ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे आकड्यांशी सुसंगत असलेल्या फरकांचा पट्टा, ८ ते १०० असा येतो. वीस ओळींचा हिशोब धरून तो रुंदावला की उणे १७ ते अधिक १२५ होतो, आणि शून्य त्याच्या आत येते. एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने २०१९ पासून लेखकांना असेच सांगितले आहे की, बहुविध तुलनांची दुरुस्ती आराखड्यात ठरवली नसेल तर दुय्यम निष्पत्तींसाठी पी-मूल्ये न छापता फरक आणि त्याचा पट्टा तेवढा द्यावा. चालण्याने ब-१२ का वाढावे, याला सरळ शारीरिक कारण दिसत नाही. चालणाऱ्या गटाने आहार बदलला असेल, अशी स्पष्टीकरणे रचता येतात, पण तारा लोहापुढे उमटला असता तर लोहाचीही रचता आली असती, त्यामुळे नंतर सुचलेल्या कारणाने पुरावा वाढत नाही. ओळ खरी असली तरी ५४ हा आकडा बहुधा फुगलेला आहे, कारण वीसांतून सर्वांत मोठी म्हणून निवडलेली ओळ आपल्या खऱ्या परिणामाबरोबर अनुकूल योगायोगही घेऊन येते. कोणाला ही ओळ खरोखर तपासायची असेल, तर ब-१२ हीच एकमेव मुख्य निष्पत्ती म्हणून आधी नोंदवून नवी चाचणी करावी लागेल. फरक खरोखर ५४ असेल, तर तो ८० टक्के खात्रीने पकडण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ८६ माणसे पुरतील. फुगवटा निम्मा असेल आणि खरा फरक २७ असेल, तर प्रत्येक गटात ३४२ लागतील, म्हणजे मूळ अभ्यासाच्या सहापटीच्या जवळपास.